भाड्याच्या फ्लॅटचा करहिशेब: तीस टक्के, व्याज आणि वाया जाणारा तोटा

पुण्याजवळ वाकडला स्वतःचा फ्लॅट, नोकरी ठाण्यात, आणि ठाण्यात राहायला भाड्याचं घर. अशी कुटुंबं आता घरोघरी सापडतात. वाकडचा फ्लॅट दरमहा २५ हजारांनी दिलेला आहे. वर्षाचं भाडं ३ लाख रुपये. त्याच वर्षी भाडेकरू येण्याआधी रंगकामाला ४० हजार गेले, दलालाला एका महिन्याचं भाडं द्यावं लागलं, सोसायटीच्या मेंटेनन्सवर बिनभोगवटा शुल्कही भरलं. मार्चनंतर मालक हिशेबाला बसतो आणि ही सगळी बिलं भाड्यातून वजा करायला घेतो. इथेच त्याचा हिशेब कायद्याच्या हिशेबापासून वेगळा होतो.

दुकानदाराला धंद्यासाठी झालेला खर्च दाखवता येतो, घरमालकाला येत नाही. प्राप्तिकर कायद्यात घरमालमत्तेपासूनच्या उत्पन्नाचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात वजाबाकीची जागा मोजकीच ठेवली आहे. आधी भाड्यातून महापालिकेचा मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेला निव्वळ वार्षिक मूल्य म्हणतात. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि शेवटी गृहकर्जाचं व्याज. रंग, दलाली, नळदुरुस्ती, घराचा विमा, भाडं गोळा करायला ठेवलेला माणूस, हे सगळं त्या ३० टक्क्यांत धरलेलं आहे. २००१च्या दुरुस्तीआधी दुरुस्ती, विमा, वसुलीचा खर्च अशा बाबींचा कायद्यात वेगवेगळा उल्लेख होता. ती यादी गेली आणि एकच ठोक टक्का आला.

या ठोक टक्क्याची दुसरी बाजू मालकांच्या पटकन लक्षात येत नाही. वर्षभरात एक खिळाही ठोकला नसला तरी ३० टक्के मिळतात. बिल मागितलं जात नाही, पावती जोडावी लागत नाही. त्यामुळे नव्या इमारतीतल्या, फारशी दुरुस्ती न लागणाऱ्या फ्लॅटच्या मालकाला हा नियम उदार वाटतो. ज्याच्या जुन्या घराची गच्ची दर पावसाळ्यात गळते, त्याला तोच नियम अन्यायाचा वाटतो, कारण प्रत्यक्ष खर्च निम्म्या भाड्याइतका झाला तरी वजावट तीस टक्क्यांपुढे सरकत नाही.

वाकडच्या फ्लॅटचा हिशेब २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी मांडू. मालकाने वर्षभरात मालमत्ता कर १८ हजार भरला. ३ लाखांतून तो गेला की २,८२,००० उरतात. त्याचे ३० टक्के म्हणजे ८४,६००. बाकी १,९७,४००. कर्ज नसतं, तर एवढीच रक्कम पगारात मिळवून तिच्यावर कर लागला असता.

मालमत्ता कराबाबत दोन अटी कडक आहेत. तो मालकानेच भरलेला हवा, आणि त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला हवा. बिल आलं आहे पण पैसे एप्रिलमध्ये भरले, तर वजावट पुढच्या वर्षी. उलट मागच्या तीन वर्षांची थकबाकी एकदम भरली, तर ती सगळी भरलेल्या वर्षात वजा होते. करारात मालमत्ता कर भाडेकरूने भरायचा असं ठरलं असेल, तर मालकाला काहीच मिळत नाही. आणि ३० टक्के काढायचे ते हा कर वजा केल्यानंतर. अनेक जण ३ लाखांवरच ३० टक्के काढून ९० हजार लिहितात. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या २०२५च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही हाच क्रम आहे.

डिपॉझिटची धास्ती मात्र अनाठायी असते. परत करायची अनामत हे उत्पन्न नाही. त्या बिनव्याजी रकमेवर काल्पनिक व्याज धरून ते भाड्यात मिळवता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने जे. के. इन्व्हेस्टर्सच्या प्रकरणात दिलेला आहे. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं, तर तेवढी रक्कम अर्थातच भाडं ठरते.

आता व्याज. मालक स्वतः राहत असलेल्या घरावर जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट सर्वसाधारणपणे २ लाखांपर्यंतच मिळते. भाड्याने दिलेल्या घराला व्याजाची अशी मर्यादा नाही, जेवढं व्याज त्या वर्षाचं देणं आहे तेवढं सगळं वजा होतं. पण हप्ता म्हणजे व्याज नव्हे. बँक वर्षाअखेरीस जे प्रमाणपत्र देते त्यात मुद्दल आणि व्याज वेगळं लिहिलेलं असतं, त्यातला व्याजाचाच आकडा इथे घ्यायचा. हप्ता थकल्यामुळे व्याजावर जे व्याज चढतं, तेही धरायचं नाही.

वाकडच्या फ्लॅटचं वर्षाचं व्याज ३,६०,००० आहे. पण एवढ्यावर थांबलं तर मालकाचं नुकसान होईल. त्याने कर्ज घेतलं एप्रिल २०२१मध्ये, आणि इमारत पुरी होऊन ताबा मिळाला ऑगस्ट २०२४मध्ये. मधली तीन वर्षं तो व्याज भरत होता, पण घर पुरं झालं नसल्याने वजावट मिळत नव्हती. कायदा हे व्याज बुडवत नाही. घर ज्या आर्थिक वर्षात पुरं झालं, त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं सगळं व्याज एकत्र करायचं आणि पुरं झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत घ्यायचं. इथे ३१ मार्च २०२४पर्यंतचं व्याज ६ लाख झालं होतं. म्हणजे २०२४-२५ ते २०२८-२९ अशी पाच वर्षं दरवर्षी १,२०,०००. बँकेच्या चालू वर्षाच्या प्रमाणपत्रात हा आकडा दिसत नाही. जुनी प्रमाणपत्रं काढून बेरीज करावी लागते, म्हणून तो सर्रास राहून जातो.

तर एकूण व्याज ४,८०,०००. शिल्लक १,९७,४०० मधून ते वजा केलं की उत्पन्नाऐवजी २,८२,६०० रुपयांचा तोटा निघतो. भाडं दरमहा खात्यात येत असताना कागदावर तोटा दिसतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खटकतं, पण ते पूर्ण कायदेशीर आहे.

या तोट्याचं काय होतं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर करदाता कोणत्या करप्रणालीत आहे यावर ठरतं. जुन्या प्रणालीत हा तोटा पगारातून वळता करता येतो, पण एका वर्षात २ लाखांपर्यंतच. ही मर्यादा २०१७-१८पासून आली. उरलेले ८२,६०० पुढच्या आठ वर्षांसाठी ओढता येतात, आणि पुढे ते फक्त घरमालमत्तेच्या उत्पन्नातूनच वजा होतात. नव्या प्रणालीत भाड्याच्या घरावरचं व्याज मिळतं, ३० टक्केही मिळतात. मात्र तोटा निघाला तर तो पगारातून वजा होत नाही. भाड्यावरचा कर शून्य होतो, पगारावरचा कर जसाच्या तसा राहतो.

हे ऐकून अनेक जण लगेच जुनी प्रणाली धरतात. आकडे मांडल्याशिवाय तसं करू नये. या मालकाचा पगार १४ लाख आहे असं धरू. नव्या प्रणालीत ७५ हजारांची पगारावरची प्रमाणित वजावट गेली की १३,२५,००० उरतात आणि उपकरासह कर येतो ८१,९००. जुन्या प्रणालीत ५० हजार, घराच्या तोट्याचे २ लाख, आणि भविष्यनिर्वाह निधी व कर्जाचं मुद्दल मिळून दीड लाख वजा केले तर १० लाख उरतात. त्यावरचा कर १,१७,०००. दोन लाखांचा तोटा वापरूनही जुनी प्रणाली ३५,१०० रुपयांनी महाग पडते.

पण हा माणूस ठाण्यात भाड्याने राहतो, आणि त्याला पगारात घरभाडे भत्ता आहे. स्वतःचा फ्लॅट दुसऱ्या शहरात भाड्याने दिलेला असताना स्वतः भाडं भरून भत्त्यावर सूट घेणं यात काहीही चूक नाही. ही सूट जुन्या प्रणालीतच मिळते. समजा ती २ लाख बसली, तर करपात्र उत्पन्न ८ लाखांवर येतं आणि कर ७५,४००. आता जुनी प्रणाली साडेसहा हजारांनी स्वस्त झाली. तोटा, भत्ता, मुद्दल, सगळं एकत्र ठेवल्याखेरीज निवड कळत नाही.

जुनी प्रणाली निवडायची, तर पगारदाराला विवरणपत्र मूळ मुदतीतच भरावं लागतं. मुदत टळली की नवी प्रणाली आपोआप लागते आणि वरचा सगळा हिशेब बदलतो. तोटा पुढे ओढायचा असेल तर साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो.

सर्वात गुंतागुंतीच्या चुका होतात त्या नावांवरून. फ्लॅट बायकोच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या नावावर, आणि भाडं तिच्या खात्यात, अशी व्यवस्था महाराष्ट्रात फार दिसते. नवऱ्याच्या पैशांतून, पुरेसा मोबदला न घेता घर बायकोच्या नावावर झालं असेल, तर भाडं कोणत्याही खात्यात जावो, ते नवऱ्याच्याच उत्पन्नात येण्याची शक्यता असते. दोघांची खरी मालकी आणि ठरलेले हिस्से असतील, तर भाडं त्या हिश्शांप्रमाणे वाटलं जातं. व्याज मागणारा माणूस त्या घराचा मालक असायला हवा. नुसता सहकर्जदार असून भागत नाही, आणि नुसता मालक असून कर्ज दुसराच फेडत असेल तरीही नाही. म्हणून खरेदीखतात हिस्से लिहून घेणं आणि हप्ते त्याच प्रमाणात ज्याच्या त्याच्या खात्यातून जाणं, हे कर्ज घेतानाच ठरवायचं काम आहे.

भाडं दाखवलंच नाही तर कोणाला कळणार, असं अजूनही बोललं जातं. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की भत्त्याची सूट मागणारा भाडेकरू कंपनीला घरमालकाचा पॅन देतो. भाडं महिन्याला ५० हजारांपेक्षा जास्त असेल, तर साध्या भाडेकरूलाही २ टक्के कर कापून सरकारजमा करावा लागतो, आणि तो मालकाच्या वार्षिक माहिती विवरणात उमटतो. मालक परदेशात राहत असेल तर नियम आणखी कडक आहेत. अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या मराठी माणसाच्या कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं कितीही कमी असलं, तरी भाडेकरूने ३० टक्के आणि त्यावरचा उपकर कापायचा असतो. तो पूर्ण भाड्यावर कापला जातो, मालमत्ता कर किंवा व्याज वजा न करता. त्यामुळे अशा मालकाला विवरणपत्र भरून जादा गेलेला कर परत मागावा लागतो, नाहीतर आधीच अर्ज करून प्राप्तिकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं.