तीन दिवसांचे नऊशे किलोमीटर

बाहेरगावी जायला गाडी ठरवायची म्हटलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न ठरलेला निघतो, ‘किलोमीटरला काय घेता?’ समोरचा तेरा म्हणाला तर आपण पुढच्याला फोन लावतो आणि तो पंधरा म्हणाला की त्याला महाग ठरवून मोकळे होतो. मीही तेच केलं आणि घरी आल्यावर बिल हातात घेऊन बराच वेळ बसलो.

आम्ही सहाजण होतो. आई आणि सासूबाई बरोबर असल्यामुळे एसटी बाद झाली होती. कोथरूडहून शुक्रवारी सकाळी सहाला निघायचं, अंबाबाईचं दर्शन, दुसऱ्या दिवशी ज्योतिबा आणि पन्हाळा, रविवारी नरसोबाची वाडी करून रात्री परत, असा बेत. गाडी अर्टिगा. दोन ठिकाणी विचारलं. पहिला म्हणाला तेरा रुपये, दिवसाला किमान तीनशे किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला चारशे. दुसरा म्हणाला पंधरा रुपये, किमान अडीचशे, भत्ता साडेतीनशे. टोल-पार्किंग दोघांचंही वेगळं. ‘किमान’ हा शब्द दोघांनीही उच्चारला होता, पण माझ्या कानात तेरा आणि पंधराच राहिले.

आता तेव्हा न केलेला हिशेब करून पाहू. कोथरूड ते कोल्हापूर साधारण 240 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 480. ज्योतिबा, पन्हाळा आणि शहरातलं हिंडणं मिळून सत्तर-एक. वाडीची खेप शंभरची. एकूण 650. ‘किमान तीनशे’ याचा अर्थ रोज तीनशे चाललात तर तेवढेच पैसे, असा सरळ नसतो. दिवसांची संख्या गुणिले तीनशे असा आकडा काढतात आणि तो प्रत्यक्ष चाललेल्या अंतराशी ताडून जो मोठा निघेल त्याचे पैसे लावतात. तीन दिवसांचे झाले नऊशे. आम्ही चाललो साडेसहाशे, पैसे भरले नऊशेचे. गाडी जे 250 किलोमीटर चाललीच नाही, त्याचेही तेरा रुपयांनी पैसे गेले.

म्हणजे पहिल्याचे 900 गुणिले 13, अकरा हजार सातशे. तीन दिवसांचा भत्ता बाराशे. झाले 12,900. दुसऱ्याचा किमान आकडा तीन दिवसांचा 750. पंधराने गुणले तर 11,250, भत्ता 1,050, एकूण 12,300. किलोमीटरला दोन रुपये जास्त सांगणारा माणूस सहाशे रुपयांनी स्वस्त होता.

हेच जर आम्ही कोल्हापूरहून पुढे गणपतीपुळ्याला उतरलो असतो आणि तीन दिवसांत हजार किलोमीटर झाले असते, तर चित्र पालटलं असतं. पहिल्याचे तेरा हजार आणि भत्ता मिळून 14,200, दुसऱ्याचे 16,050. या दोन भावांमधली सीमारेषा 790 किलोमीटरवर पडते. तिच्या अलीकडे दुसरा परवडतो, पलीकडे पहिला. ही रेषा काढायला गणिताची पदवी लागत नाही. पहिल्याच्या किमान बिलातून (12,900) दुसऱ्याचा भत्ता (1,050) वजा करायचा आणि उरलेल्याला पंधराने भागायचं. म्हणून भाव विचारण्याआधी आपलं अंतर कागदावर मांडावं. मोबाइलच्या नकाशावर दिसेल त्यात जेवणासाठी आडवं वळणं, लॉज शोधणं, ‘आलोच आहोत तर’ म्हणून आणखी एखादं देऊळ यांचे शंभरात दहा मिळवावेत.

या किमान अंतराचा राग येतो खरा, पण त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या एका गृहस्थांना मी विचारलं, तर ते म्हणाले, ‘साहेब, तुम्ही पन्हाळ्यावर दिवसभर हिंडता तेव्हा गाडी उभी असते, पण हप्ता उभा राहत नाही.’ त्या दिवशी त्यांना दुसरं भाडं घेता येत नाही. विमा, कर्जाचा हप्ता आणि ड्रायव्हरचा पगार हे गाडी चालो न चालो चालूच असतात. किमान किलोमीटर म्हणजे खरं तर गाडीचं दिवसाचं भाडं. ते किलोमीटरच्या भाषेत सांगतात, इतकंच. हे एकदा ध्यानात आलं की घासाघीस कुठे करायची तेही कळतं. आपला प्रवास लहान आणि मुक्काम मोठा असेल तर दरात एक रुपया कमी करा म्हणून गळ घालण्यापेक्षा ‘तीनशेच्या जागी अडीचशे धरा’ म्हणावं. आमच्या सहलीत रुपया कमी झाल्याने नऊशे वाचले असते, पन्नास किलोमीटर कमी झाल्याने एकोणीसशे पन्नास.

आमचं बिल मात्र 12,900 वरही थांबलं नाही. रविवारी वाडीहून निघायला उशीर झाला, साताऱ्यात जेवलो आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पुण्याला परतणाऱ्यांची जी काय रांग लागते ती लागली. कोथरूडला दारात उतरलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. बिलात चार दिवस लावले होते. बाराशे किलोमीटर गुणिले तेरा, भत्ता सोळाशे आणि रात्री दहानंतर गाडी चालवल्याचे अडीचशे. टोल आणि पार्किंग सोडून 17,450. वीस मिनिटांसाठी मधल्या मध्ये 4,300 वाढले होते. फोन केला तर तिकडून शांतपणे उत्तर आलं, ‘सर, आमच्याकडे दिवस रात्री बाराला बदलतो. आणि गाडी गॅरेजला पोहोचली एक वाजता.’

त्यांचं नियमाने बरोबरच होतं. मी विचारलंच नव्हतं. काहीजण दिवस बारा ते बारा धरतात, काहीजण निघाल्यापासून चोवीस तास मोजतात. आमचा प्रवास चोवीस तासांच्या हिशेबात सोमवारी सकाळी सहापर्यंत तीन दिवसांतच बसला असता. रात्री दहाला निघून पहाटे पोहोचायचा बेत असेल, तर बारा ते बारावाल्याकडे पहिले दोन तास म्हणजे एक अख्खा दिवस होतो.

‘गॅरेज टू गॅरेज’ हा दुसरा चकवा. किलोमीटर आपल्या दारापासून नाही, गाडी जिथे उभी असते तिथून मोजायला सुरुवात होते आणि तिथेच संपते. आमची गाडी हडपसरहून आली होती, म्हणजे येऊन-जाऊन तीस-एक किलोमीटर. गंमत अशी की आमच्या बिलात त्यांनी काहीच फरक पडला नाही, कारण आम्ही किमान आकड्याच्या खालीच होतो. ही मोजणी लांबच्या प्रवासात आणि ‘साडेसहाशे किलोमीटरपर्यंत एकरकमी इतके, पुढे किलोमीटरला पंधरा’ अशा पॅकेजमध्ये बोचते. तिथे वरचा प्रत्येक किलोमीटर पैशात जातो. शिवाय वेळही गॅरेजची धरतात, ते वर आलंच.

भत्ता, रात्रीचा मुक्काम आणि नाइट चार्ज हे तीन शब्द एकमेकांत मिसळून सांगितले जातात. भत्ता म्हणजे ड्रायव्हरच्या दिवसाच्या जेवणाखाण्याचे पैसे. मुक्काम म्हणजे तो जिथे झोपणार त्याचा खर्च. नाइट चार्ज म्हणजे रात्री ठरावीक वेळेनंतर गाडी चालवायला लावली त्याचे पैसे. ही वेळ कुणाची दहापासून, कुणाची अकरापासून असते. बहुतेकजण मुक्काम भत्त्यातच धरतात, पण सगळे नाही. भत्ता कंपनीकडे जमा करायचा की ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, हेही आधीच विचारावं. नाहीतर बिलातही भरतो आणि निघताना ड्रायव्हरलाही देतो. झोपायच्या सोयीचं मी आता लॉज ठरवतानाच विचारतो. बऱ्याच लॉजवर ड्रायव्हरसाठी खोली असते. नसली तर तो गाडीतच पाय दुमडून झोपतो आणि दुसऱ्या दिवशी घाटात आपल्या सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असतो.

टोलचं त्यामानाने सोपं आहे, कारण नाके मोजता येतात. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार, म्हणजे दोन्ही वेळचे आठ. राष्ट्रीय महामार्गावर येण्याजाण्याची जी सवलत मिळते ती चोवीस तासांत परतलात तरच. तीन दिवसांच्या सहलीत आठही वेळा पूर्ण टोल जातो. आपल्या घरच्या गाडीला वार्षिक फास्टॅग पास आहे म्हणून भाड्याच्या गाडीकडून तशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, तो पिवळ्या पाटीच्या गाडीला मिळत नाही. पूर्वी नाक्यावर पावती हातात यायची. आता पैसे फास्टॅगमधून कापले जातात आणि मेसेज जातो गाडीमालकाच्या मोबाइलवर. बिलातला टोलचा आकडा जास्त वाटला तर ते आठ मेसेज मागावेत, मालक सहज पाठवू शकतो. पार्किंगच्या चिठ्ठ्या तेवढ्या आपणच जपायच्या. देवस्थानांच्या गावी त्या तीस-चाळीस रुपयांच्या असतात आणि बिलात त्यांची गोल बेरीज होते. भावात जीएसटी आहे की वर पाच टक्के लागणार, तेही त्याच दमात विचारून घ्यावं.

या दिवाळीनंतर पुन्हा जायचं निघालं तेव्हा मी फोन न करता व्हॉट्सॲपवर एकच मजकूर चौघांना पाठवला. कुठून कुठे, किती दिवस, अंदाजे 650 किलोमीटर, हे लिहून खाली विचारलं की टोल-पार्किंग सोडून एकूण किती होतील, दिवस कधी बदलतो, किलोमीटर कुठून मोजणार, भत्त्यात मुक्काम आहे का. दोघांनी नुसता ‘14 रुपये सर’ एवढाच जबाब दिला, त्यांना मी सोडून दिलं. तिसऱ्याचं एकरकमी पॅकेज होतं. चौथे ते हप्त्यावाले गृहस्थ. त्यांनी लिहिलं, चौदा रुपये, रोजचे अडीचशे, भत्ता चारशे मुक्कामासह, मीटर तुमच्या दारापासून, आणि शेवटच्या रात्री दोनपर्यंत दिवस तोच धरू. चौदा गुणिले 750 अधिक बाराशे, म्हणजे 11,700.

शुक्रवारी सहाला गाडी दारात आली. मी डॅशबोर्डवरच्या रीडिंगचा फोटो काढला, तोच आकडा त्यांनी ड्युटी स्लिपवर लिहिला आणि माझी सही घेतली. रविवारी परत खेड शिवापूरला तशीच रांग. सासूबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. ते आरशातून मागे बघत म्हणाले, ‘आजी, दोनपर्यंत आहे वेळ, झोपा जरा.’