सिमेंट-सळई घेताना ब्रँडच्या नावाखालचे आकडे वाचा

काळेवाडीत गुंठाभर जागेत घर बांधताना पहिला प्रश्न असतो, "कोणता ब्रँड घेऊ?" पण चांगल्या ब्रँडची गोणीही जुनी असू शकते.

सिमेंटच्या गोणीवर आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते. 'आठवडा २४, २०२५' म्हणजे जूनचा दुसरा आठवडा. ती गोणी ऑक्टोबरच्या मध्याला साइटवर उतरली, तर सिमेंट चार महिन्यांचे झाले. हवेतला ओलावा लागून त्याची ताकद घटत जाते. म्हणून तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट चाचणीशिवाय स्लॅबला वापरू नका. गोणीत न फुटणारे खडे लागले, तर ती परत करा.

सळईवर ब्रँडसोबत 'एफई ५००डी' अशी ग्रेड उठवलेली असते. 'डी' असलेली सळई तुटण्यापूर्वी जास्त ताणली जाते, त्यामुळे भूकंपात ती अधिक उपयोगी ठरते.

आता वजन. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून १६२ ने भागा, की मीटरला किती किलो ते कळते. १२ मिमी सळईसाठी १४४ ÷ १६२ म्हणजे ०.८८९ किलो. म्हणून १२ मीटरच्या दहा सळया साधारण १०६.७ किलो भराव्यात. या जाडीत ५ टक्के फरक चालतो. काट्यावर १०१ किलोपेक्षा कमी भरले, तर सळई बारीक आहे. किलोने घेतली तरी नुकसान टळत नाही, कारण इंजिनीअरने हिशेब पूर्ण जाडीचा धरलेला असतो.

शेवटी बंडलच्या टॅगवरचा हीट नंबर टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा आणि परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपवर तपासा. हे सगळे गाडी रिकामी होण्याआधी करा.