पोच हरवली, पैसे नव्हे

समजा, अमेरिकेतल्या एका ऑनलाइन दुकानातून कोणी 40 डॉलरचे बूट मागवले. पैसे भरायचं बटण दाबलं, चकती बराच वेळ गरगरली. बुटांचा जोड एकच आला, कार्डावरून 40 डॉलर मात्र दोनदा गेले. गिऱ्हाइकाने तर बटण एकदाच दाबलं होतं. दुसऱ्यांदा दाबलं ते दुकानाच्या प्रोग्रॅमने.

हा प्रोग्रॅम पेमेंट कंपनीकडे मागणी पाठवतो आणि ठरावीक वेळ, समजा 30 सेकंद, वाट पाहतो. उत्तर आलं नाही की तीच मागणी पुन्हा पाठवतो. यात मूर्खपणा काही नाही. नेटवर्क दगा देतं आणि पुष्कळदा मागणी खरोखरच वाटेत हरवलेली असते. पण कधीकधी मागणी पोचते, पैसे कापले जातात आणि हरवतं ते उत्तर. मनीऑर्डर मिळाली, पोच मात्र टपालात गहाळ झाली, तसं. दुकानाच्या बाजूने दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात.

म्हणून स्ट्राइपसारख्या पेमेंट कंपन्या मागणीसोबत एक खूण स्वीकारतात. तिला ‘आयडम्पोटन्सी की’ म्हणतात. शब्द बोजड, काम साधं: एकच मागणी कितीही वेळा आली तरी परिणाम एकदाच व्हावा.

```
Idempotency-Key: order-7841-pay-1
```

ही खूण पहिल्यांदा दिसली की स्ट्राइप पैसे कापते आणि आपलं उत्तर त्या खुणेखाली जपून ठेवते. तीच खूण पुन्हा आली तर कार्डाला हात न लावता जुनंच उत्तर परत देते. खूण तीच पण रक्कम वेगळी असेल, तर चूक दाखवून मागणी नाकारते.

इतकं असूनही दुहेरी कपात होते, आणि तिचं नेहमीचं कारण जरा हास्यास्पद आहे. प्रोग्रॅमर खूण तयार करणारी ओळ पुन्हा पाठवण्याच्या फेऱ्याच्या आत लिहितो. मग प्रत्येक प्रयत्नाला नवी खूण मिळते आणि कंपनीला प्रत्येक मागणी नवीनच वाटते. दुकानाच्या लॉगमध्ये हे चटकन ओळखू येतं: ऑर्डर एक, खुणा दोन, आणि दोन मागण्यांमधलं अंतर नेमकं वाट पाहण्याच्या वेळेइतकं. खूण फेऱ्याच्या बाहेर, एकदाच तयार व्हायला हवी. शिवाय पहिली मागणी निघण्याआधीच ती डेटाबेसमध्ये ऑर्डरशेजारी नोंदवायला हवी, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी जुनीच खूण हाती लागते.

खुणेलाही मुदत असते. स्ट्राइपच्या मूळ, म्हणजे v1 एपीआयमध्ये 24 तास उलटले की ती पुसली जाऊ शकते, आणि त्यानंतर तीच खूण नवी मानली जाते. अडकलेल्या ऑर्डरी दोन दिवसांनी निस्तरणाऱ्या प्रोग्रॅमने म्हणूनच पैसे मागण्याआधी, या ऑर्डरचे पैसे जमा झाले आहेत का, हे कंपनीला विचारून घ्यावं लागतं.