टोपी खाता येत नाही!

10 जानेवारीला आमच्या बंड्याचा नववा वाढदिवस झाला. फोटोचं काम दादाकडे, चिकन आईकडे आणि कॅप्शन माझ्याकडे. 'तू पत्रकारिता शिकतेस ना, मग चार ओळी लिही की,' असं म्हणून सगळे मोकळे झाले. त्या चार ओळींना मला अख्खी दुपार लागली.

आधी तारखेबद्दल सांगते. बंड्या आम्हाला मे महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला, त्यामुळे त्याच्या जन्माचा दाखला वगैरे काही नाही. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, तर पुढचे दुधाचे दात पडत होते आणि नवे वर येत होते. पिल्लांचे हे दात साधारण तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान बदलतात. म्हणून डॉक्टर म्हणाले, 'चारेक महिन्यांचा धरा.' आजोबांनी कॅलेंडरवर बोट ठेवून चार महिने मागे मोजले आणि 10 जानेवारी ठरवून टाकली. त्याला 'बंडोपंत' म्हणणारेही तेच. घरात त्याला अहोजाहो करणारे एकटे आजोबा.

आता कॅप्शन. माझा पहिला ड्राफ्ट असा होता: 'हाय फ्रेंड्स! आज मी 9 वर्षांचा झालो! माझ्या हूमन्सना खूप सारं थँक यू! पार्टी तो बनती है!' दादाने वाचलं आणि म्हणाला, 'हे बंड्या कुठे बोलतोय? हे तूच बोलतेयस, फोटोत फक्त कुत्रा आहे.' पॉइंट होता. हे कॅप्शन शेजारच्या लॅब्रॅडॉरला लावलं तरी चाललं असतं.

मग मी चौकातल्या फ्लेक्सची स्टाइल घेतली. 'समस्त मांजरांचा कर्दनकाळ, गल्लीचा ढाण्या वाघ, भावी नगरसेवक मा. बंडोपंत यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: घंटागाडी मित्रमंडळ.' सगळे हसले, मीही हसले. पण फ्लेक्सची गंमत अशी की त्यावर शुभेच्छुक बोलतात. उत्सवमूर्ती गॉगल लावून नुसती उभी असते. आम्हाला तर बंड्याला बोलतं करायचं होतं.

तेव्हा मी कागदाचे दोन भाग केले. एकीकडे बंड्याला काय माहीत आहे आणि दुसरीकडे काय माहीत नाही. माहीत नसलेल्या बाजूला वाढदिवस, नऊ हा आकडा, फोटो, फॉलोअर्स, थँक यू. लाल टोपीचा लाल रंगसुद्धा तिकडेच गेला. कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल मात्र मळकट तपकिरी दिसतो. म्हणजे 'लाल टोपीत मी कसला भारी दिसतोय' हे वाक्य त्याच्या तोंडी खोटंच. माहीत असलेल्या बाजूला कुकरचा वास, फ्रिजच्या दाराचा आवाज, दादाची बाइक, पायरीवरचं ऊन आणि दारामागे उभी असलेली आजोबांची काठी.

हे लिहिल्यावर विनोद कुठून येणार ते कळलं. कुत्र्याच्या तोंडी आपले जोक घातले की ते आपलेच राहतात. त्याला जेवढं कळतं तेवढंच तो गंभीरपणे सांगायला लागला की आपोआप हसू येतं. टोपी म्हणजे काय, हे त्याला कसं कळणार? ती खाता येते की नाही, एवढंच तो तपासणार. आजोबांनी पंत केलंच होतं, म्हणून बोलताना 'आम्ही' म्हणायचं हेही ठरलं.

मग मी फोटो बघितला आणि पुन्हा अडकले. टोपीतल्या फोटोत बंड्याची जीभ बाहेर होती, त्यामुळे तो हसतोय असंच वाटत होतं. पण झूम केल्यावर दिसलं की कान मागे चिकटलेत, तोंड कॅमेऱ्यापासून वळवलंय आणि डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय. त्याच्या आधीच्या फोटोत तो सारखं नाक चाटत होता, खरं तर समोर खायला काहीच नव्हतं. हे सगळं एकत्र दिसलं की समजायचं, साहेब वैतागलेत. टोपीचं इलॅस्टिक गळ्याला काचत होतं. त्या फोटोखाली 'आज मी कित्ती खूश' लिहिणं म्हणजे त्याच्या नावावर थापा मारणं. आम्ही टोपी काढली, दादा त्याच्या उंचीला फरशीवर पालथा झोपला आणि बंड्याने अंग झाडल्यावर दुसरा फोटो काढला. कान सैल, तोंड किंचित उघडं, नजर कुकरकडे. हा खरा बंड्या.

शेवटची अडचण मात्र मोठी होती. हा बंड्याचा आजोबांशिवायचा पहिला वाढदिवस. श्रावणात आजोबा गेले. आई म्हणाली, 'लिही ना, आजोबा वरून बघत असतील, मला आशीर्वाद देत असतील.' मी लिहिलं. वाचल्यावर सगळे गप्प झाले, पण मला ते टोचत राहिलं. 'वर' म्हणजे काय, हे बंड्याला माहीत नाही. मग मी लिहिलं, 'साडेपाच वाजले, मी आजोबांची वाट बघतोय.' दादा म्हणाला, 'त्याला घड्याळ कधी शिकवलंस?' शिवाय त्याच्या मनात काय चालतं, ते आपण कसं सांगणार? आम्हाला दिसतं ते एवढंच: ऊन पायरीवरून उतरलं, म्हणजे आजोबांची फिरायला जायची वेळ झाली की तो उठतो, दारामागची काठी हुंगतो आणि तिथेच बसतो. अजूनही. आम्हाला ती काठी धुळीने माखलेली दिसते. त्याच्या नाकाला तिच्यात अजून काय काय मिळत असेल!

मी तेवढंच लिहिलं. इन्स्टाग्रामवर कॅप्शनची सुरुवातच दिसते आणि मग 'more' येतं, म्हणून टोपी सगळ्यात वर ठेवली:

'आज टोपी आली. टोपी खाता येत नाही. काढायला लावली.
दादा दिवसभर घरी आणि कुकरमधून चिकनचा वास. कांदा नाही, मीठ नाही, म्हणजे आमचंच. शंका खरी निघाली.
पाटावर बसवून ओवाळलं. दिवा नाकाजवळ आणू नये, एवढं सांगून ठेवतो.
मग ऊन पायरीवरून उतरलं. आम्ही दारापाशी गेलो. काठी जागेवर आहे. वासही आहे.
बसलो.
– बंडोपंत'

'बसलो'च्या पुढे अजून एक ओळ लिहायचा मोह झाला होता. तीन वेळा टाइप केली आणि तीन वेळा खोडली. बंड्या तिथे बसतो, एवढंच आम्हाला खात्रीने माहीत होतं.

संध्याकाळी आजीला सगळं वाचून दाखवलं. टोपीला ती खुदकन हसली, दिव्याला म्हणाली, 'बरोबर सांगतोय, तूच फार जवळ नेलास.' शेवटाला काहीच बोलली नाही. आजोबांची काठी या रविवारी ओळखीतल्या एका काकांना द्यायची असं घरात ठरलं होतं. थोड्या वेळाने आजी उठली, दारामागे जाऊन ती सरळ करून ठेवली आणि आईला म्हणाली, 'त्यांना नवी घेऊन देऊ. ही राहू दे इथेच. आणि पुसू नकोस.'