बोलीची भिशी: उचल, हप्ते आणि भाताचा हंगाम

घोटीच्या आसपासच्या भातशेतीत पैशाला ठरलेली वेळ असते. जूनमध्ये बी-बियाणे, जुलैत चिखलणी आणि आवणीची मजुरी, मग खत. हा सगळा खर्च पावसाळ्याच्या तोंडावर येतो. भात गिरणीपर्यंत पोहोचून हातात पैसा पडायला मात्र नोव्हेंबर उजाडतो. मधले पाच महिने निभावण्यासाठी अनेकजण भिशी उचलतात. भिशीचे कर्ज खरोखर कितीला पडते आणि ते या हंगामाशी कसे जुळते, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने एप्रिलमध्ये वीस जणांची भिशी सुरू केली. प्रत्येकाने दरमहा 5,000 रुपये भरायचे, म्हणजे महिन्याला एक लाख जमतात, आणि वीस महिन्यांत प्रत्येकाला एकदा ती रक्कम मिळते. पहिली भिशी चालवणारा स्वतः घेतो, पूर्ण एक लाख. वसुली करणे आणि कोणी चुकले तर पदरचे भरणे, याचा तो मोबदला. दुसऱ्या महिन्यापासून बोली लागते. ज्याला पैशांची निकड आहे तो सांगतो, "मी इतके सोडतो." सर्वांत जास्त रक्कम सोडणाऱ्याला भिशी मिळते आणि त्याने सोडलेले पैसे वीसही जणांत सारखे वाटले जातात. वाटणी रोख हातात देत नाहीत. त्या महिन्याच्या हप्त्यातून तेवढे कमी करतात.

मे महिन्यात कोणीतरी 25,000 रुपये सोडले. प्रत्येकाच्या वाट्याला 1,250 आले, म्हणून हप्ता 3,750 झाला. जूनमध्ये एका शेतकऱ्याने 24,000 सोडून भिशी उचलली. त्याला 76,000 मिळाले. त्या महिन्याचा स्वतःचा 3,800 रुपयांचा हप्ता वजा जाता घरात 72,200 आले. त्यानंतर गरजवंत कमी होत जातात तशी बोली उतरते आणि हप्ता वाढत जातो. उरलेल्या सतरा महिन्यांत हा हप्ता 3,880 वरून 5,000 पर्यंत चढला असे धरू. सरासरी 4,440 पडते, म्हणजे सतरा हप्त्यांचे 75,480.

आता कर्ज किती झाले ते मोजू. घरात आलेल्या 72,200 पैकी 8,750 रुपये त्याने एप्रिल आणि मेमध्ये भरलेले स्वतःचेच होते. खरे कर्ज 63,450 रुपयांचे, आणि त्यापोटी फेड 75,480 ची. वरचे सुमारे बारा हजार हे व्याज. मुद्दल दर महिन्याला कमी होत गेले हे लक्षात घेतले, तर व्याजदर महिना सुमारे दोन टक्के पडतो, म्हणजे वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपास. "24,000 सोडले" हे ऐकायला फार मोठे वाटते, पण पुढच्या वाटण्यांतून त्यातले बरेच परत येते. बोलीच्या आकड्यावरून व्याज ठरवू नये, ते असे शेवटपर्यंत मोजूनच कळते.

याच भिशीत जो शेवटपर्यंत थांबतो, तो वीस महिन्यांत सुमारे 88,000 भरतो आणि एक लाख घेतो. त्याचा बारा हजारांचा फायदा लवकर उचलणाऱ्यांनी सोडलेल्या पैशातूनच आलेला असतो. म्हणून रोजची विक्री असलेला दुकानदार भिशीत बहुधा बचत करणारा असतो आणि हंगामी उत्पन्नाचा माणूस कर्ज घेणारा.

शेतकऱ्याला खरी अडचण येते ती वेळापत्रकाची. भिशी दर महिन्याला हप्ता मागते, भात वर्षातून एकदा पैसे देते. जूनमध्ये उचललेल्या भिशीचे जुलै ते ऑक्टोबरचे चार हप्ते मिळून सुमारे 16,000 होतात आणि ते पीक हाती येण्याआधीच भरायचे असतात. दुसरे उत्पन्न नसेल तर 72,200 मधून ते सोळा हजार बाजूलाच ठेवावे लागतात. आवणीसाठी वापरता येणारी रक्कम उरते 56,200. आणि हप्ते नोव्हेंबरनंतरही थांबत नाहीत. ते पुढच्या वर्षीचा खरीप ओलांडून नोव्हेंबरपर्यंत चालू राहतात. भाताचे पैसे आल्यावर पुढच्या हप्त्यांचा वाटा वेगळा काढला नाही, तर दुसऱ्या पावसाळ्यात दुसरी भिशी उचलून पहिलीचे हप्ते भरायची वेळ येते. बुडणाऱ्या अनेक खात्यांची सुरुवात इथून होते.

उचलणाऱ्याने पैसे थांबवले तर काय, याची तजवीज जुन्या जाणत्या भिशीत आधीच केलेली असते. उचलणाऱ्याला असा जामीनदार द्यावा लागतो, ज्याने स्वतःची भिशी अजून उचललेली नाही. हप्ता चुकला तर जामीनदाराच्या येणे रकमेतून तो वळता करता येतो. काही ठिकाणी जामिनाऐवजी सही केलेला कोरा धनादेश मागतात. तो देऊ नये. द्यावाच लागला तर रक्कम आणि तारीख भरून द्यावा आणि शेवटच्या हप्त्याला परत घ्यावा.

धोका आधी ओळखायच्या खुणा आहेत. बाकीचे वीस-बावीस हजारांवर थांबतात आणि एकजण पस्तीस हजार सोडायला तयार होतो, तेव्हा त्याला कोणतीही किंमत चालणार असते. फेडायचा विचार असलेला माणूस सहसा इतका खाली जात नाही. बोली सगळ्यांसमोर न होता "अमक्याला गेली" असा नुसता फोन येऊ लागला, तर ते नाव खरे आहे का ते पाहावे. चालवणारा स्वतःच दुसऱ्याच्या नावाने उचलत असू शकतो. आणि ज्याला भिशी लागली त्याला पैसे "चार दिवसांनी" मिळू लागले, तर जमा रक्कम दुसरीकडे फिरते आहे हे समजावे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. 1982 च्या चिट फंड कायद्यानुसार अशी योजना शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय सुरू करता येत नाही. नोंदणीकृत चिट चालवणाऱ्याला सुरुवातीलाच तारण ठेवावे लागते, लेखी करार करावा लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याचे कमिशन सात टक्क्यांपर्यंत असू शकते. गल्लीतल्या भिशीकडे बहुधा यांतले काहीच नसते. ती बुडाली तर तारणातून पैसे मिळायची सोय नाही. हातातली वही आणि साक्षीदार एवढाच आधार. त्यामुळे प्रत्येक हप्त्याची नोंद आपल्याकडच्या वहीत हवी आणि तिच्यावर चालवणाऱ्याची सही हवी.

महिलांच्या बचत गटाची रीत वेगळी आहे. दहा ते वीस जणी ठरावीक रक्कम साठवतात, ती गटाच्या बँक खात्यात जाते आणि बैठकीत ठरवून सदस्यांना कर्ज मिळते. व्याज महिना दोन टक्के असले तरी ते गटाच्याच निधीत जमा होते. शेतकरी घरासाठी मोठा फरक असा, की गटाने मान्य केले तर फेड पिकानंतरची ठरवता येते. बोलीच्या भिशीत ती मुभा नसते. बिघाड मात्र इथेही होतो. गटाच्या नावावर आलेले बँककर्ज एखादीच वापरते, बाकीच्यांनी न वाचता सह्या केलेल्या असतात, आणि थकबाकी झाल्यावर सगळ्या गटाचे पुढचे कर्ज अडते. दर बैठकीत बँकेचे पासबुक आणि कर्जवही सगळ्यांसमोर उघडली, तर हे महिन्याभरात दिसते.

जूनसाठी पैसे हवे असतील तर आधी गटाकडे विचारावे. भिशीच उचलायची असेल, तर बोली लावण्यापूर्वी जुलै ते ऑक्टोबरचे चार हप्ते कशातून जातील ते कागदावर लिहावे. उत्तर "याच उचलीतून" असेल, तर ते चार हप्ते वजा करून उरलेली रक्कम आवणीला पुरते का, ते आधी पाहावे आणि मगच किती सोडायचे ते ठरवावे.