दहा जणांच्या पोलवर माल भरावा का? मल्टिनोमियलचं गणित, तुळशीबागेतल्या मोबाइल कव्हरसह

समजा, तुम्हाला तुळशीबागेत मोबाइल कव्हरचा छोटा स्टॉल लावायचा आहे. एकाच मॉडेलची कव्हर, तीन प्रकार: ट्रान्सपरंट, प्रिंटेड आणि फ्लिप. एकूण 200 नग भरायचे आहेत. कुठला प्रकार किती घ्यायचा, हे ठरवायला तुम्ही दहा जणांना विचारलं. उत्तर आलं: ट्रान्सपरंट 4, प्रिंटेड 5, फ्लिप 1. म्हणजे प्रिंटेड जास्त चालतंय. मग प्रिंटेडचे 100 नग उचलायचे का?

पैसे अडकण्याआधी याचं उत्तर गणिताने काढता येतं. त्यासाठी लागतं मल्टिनोमियल डिस्ट्रिब्युशन, म्हणजेच बहुपद वितरण.

नाण्यापासून तीन पर्यायांपर्यंत

नाणेफेकीत दोनच शक्यता असतात, छापा किंवा काटा. दहा वेळा नाणं उडवलं तर सहा छापे पडण्याची शक्यता किती, हे द्विपद वितरण सांगतं. कॉलेजात तुम्ही ते बायनोमियल या नावाने शिकला असाल. पण आपल्या ग्राहकापुढे तीन पर्याय आहेत. पर्याय दोनपेक्षा जास्त झाले, की तेच गणित मल्टिनोमियल होतं.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची. माणसं दहाच आहेत, त्यामुळे तिन्ही आकड्यांची बेरीज कायम दहाच राहणार. प्रिंटेडला एक मत वाढलं, तर ते दुसऱ्या कुणाचं तरी कमी झालेलं असतं. म्हणून तिन्ही आकडे सुटे सुटे न बघता एकत्र बघायचे.

आता हिशोब करू

क्षणभर धरून चालू, की खरी आवड आपल्याला माहीत आहे: बाजारातल्या 50% लोकांना ट्रान्सपरंट आवडतं, 30% ना प्रिंटेड आणि 20% ना फ्लिप. दहा जणांना विचारल्यावर बरोब्बर 5, 3, 2 असंच उत्तर येण्याची शक्यता किती?

पायरी पहिली. पहिले पाच जण ट्रान्सपरंट, पुढचे तीन प्रिंटेड आणि शेवटचे दोन फ्लिप म्हणतील, अशा एका ठरावीक क्रमाची शक्यता काढायची. त्यासाठी प्रत्येकाची शक्यता एकमेकींना गुणायची:

0.5⁵ × 0.3³ × 0.2² = 0.00003375

पायरी दुसरी. आपल्याला क्रमाशी काही देणंघेणं नाही. पहिल्यानेच फ्लिप म्हटलं तरी चालेल, शेवटी मोजणी 5, 3, 2 आली म्हणजे झालं. असे वेगवेगळे क्रम किती?

10! ÷ (5! × 3! × 2!) = 2520

पायरी तिसरी. दोन्हींचा गुणाकार:

2520 × 0.00003375 = 0.08505

म्हणजे साधारण 8.5%. दहा मतं तीन पर्यायांत एकूण 66 प्रकारे वाटली जाऊ शकतात, आणि त्या 66 पैकी सगळ्यात जास्त शक्यता याच 5, 3, 2 ची आहे. तरीही ती शंभरात नऊ वेळासुद्धा येत नाही! दहा जणांच्या पोलमध्ये खरं चित्र जसंच्या तसं दिसणं हा अपवादच.

हा हिशोब मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडूनही करता येतो:

```python
from scipy.stats import multinomial
print(multinomial.pmf([5, 3, 2], n=10, p=[0.5, 0.3, 0.2]))
```

आपल्या 4, 5, 1 चं काय?

खरी आवड तीच धरून हेच सूत्र वापरू. क्रमांची संख्या 1260 येते आणि शक्यता येते सुमारे 3.8%. हा एकच निकाल तसा दुर्मीळ वाटतो. पण तुमचा निर्णय 4, 5, 1 या नेमक्या आकड्यांवर थोडाच होता? तो होता 'प्रिंटेड पुढे आहे' यावर. म्हणून 66 पैकी ज्या ज्या निकालांत प्रिंटेड हे ट्रान्सपरंटच्या पुढे जातं, त्या सगळ्यांच्या शक्यता मिळवायच्या. बेरीज येते सुमारे 18%. शिवाय दोघांना सारखीच मतं पडण्याची शक्यता सुमारे 11%.

थोडक्यात, ट्रान्सपरंटची आवड प्रत्यक्षात 20 टक्क्यांनी जास्त असूनही, दहा जणांचा पोल जवळपास 29% वेळा तुम्हाला ते दाखवणार नाही.

याची किंमत बघा. 4, 5, 1 वर विसंबून तुम्ही 80 ट्रान्सपरंट, 100 प्रिंटेड आणि 20 फ्लिप घेतले. खरी मागणी साधारण 100, 60 आणि 40 अशी निघाली. प्रिंटेडचे 40 नग पडून राहिले. ठोक भाव 60 रुपये धरला तर 2,400 रुपये अडकले. वर ट्रान्सपरंट आणि फ्लिपचे प्रत्येकी 20 ग्राहक हात हलवत परत गेले, ते वेगळंच.

पण खरी आवड कुणाला माहीत असते?

बरोबर, ती माहीत नसते, म्हणून तर पोल घेतो. अशा वेळी हिशोब उलटा करून बघायचा. खरी आवड 40%, 50%, 10% असती, तर 4, 5, 1 येण्याची शक्यता सुमारे 10% असती. आधीच्या गृहीतात ती 3.8% होती. पोल दुसऱ्या गृहीताकडे झुकतोय खरा, पण पहिलं गृहीत खोडून काढण्याइतका फरक यात नाही. दहा मतांवर एवढंच कळतं.

आता दहाऐवजी 100 जणांना विचारा. खरी आवड 50%, 30%, 20% असेल, तर प्रिंटेड बरोबरीला किंवा पुढे येण्याची शक्यता 29% वरून जेमतेम 1% च्या आसपास येते.

सूत्र कुठे फसतं?

या सूत्राच्या काही अटी आहेत. प्रत्येकाने एकच पर्याय निवडायचा, आणि एकाच्या उत्तराचा परिणाम दुसऱ्याच्या उत्तरावर व्हायचा नाही. व्हॉट्सॲप पोलमध्ये दोन्ही अटी सहज मोडतात. पोल बनवताना `Allow multiple answers` चालू राहिलं, तर एकच जण दोन-तीन पर्यायांवर टिक करू शकतो. मग मतांची बेरीज माणसांच्या संख्येइतकी येत नाही. कुणी काय मत दिलं हेही ग्रुपवर दिसतं, त्यामुळे 'तो म्हणतोय तर मीपण' असं होतं. मग शंभर मतं पडली, तरी त्यांत माहिती शंभर माणसांइतकी नसते.

तिसरी अट म्हणजे, ज्यांना विचारताय ते तुमच्या ग्राहकांसारखेच हवेत. सगळी मतं फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॉलेजच्या मित्रांची घेतली आणि स्टॉल तुळशीबागेत लावला, तर मतं शंभर असोत की हजार, चूक तशीच राहणार. तिथे सहकुटुंब खरेदीला येणाऱ्यांची आवड वेगळी असू शकते. ही चूक मल्टिनोमियलच्या सूत्रात दिसतच नाही. जास्त माणसांना विचारून फक्त नशिबाने होणारा चढउतार कमी होतो.

म्हणून स्टॉलच्या जागेजवळच, वेगवेगळ्या वेळी, एकेकाला वेगळं गाठून विचारा. आणि मतं दहाच मिळाली असतील, तर सगळे 200 नग एकदम उचलू नका. तिन्ही प्रकार थोडे थोडे भरा आणि पहिल्या शंभर ग्राहकांनी काय घेतलं ते वहीत लिहून ठेवा. पुढची ऑर्डर त्या नोंदीवरून द्या.