सुनावणीचा नियम आधी की निकालानंतर?

सरकारी निर्णयाने ज्याचे नुकसान होणार, त्याला आधी बाजू मांडू द्यावी, हे तत्त्व भारतात सर्वमान्य आहे. पण ते कसे पाळायचे, हे सांगणारा एकच सर्वसाधारण कायदा येथे नाही. काही कायद्यांत आणि सेवानियमांत तरतुदी असतात. उरलेली जागा न्यायालयांनी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनी एकेका खटल्यातून भरली.

या पद्धतीची किंमत विभागीय चौकशीच्या अहवालावरून कळते. चौकशी अधिकारी कर्मचाऱ्याला दोषी ठरवतो, शिक्षा मात्र दुसरा अधिकारी देतो. मग शिक्षेआधी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यायची का? १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने प्रस्तावित शिक्षेबद्दल म्हणणे मांडण्याची दुसरी संधी काढून टाकली आणि या प्रश्नाला परस्परविरोधी उत्तरे मिळू लागली. सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर १९९० रोजी रमझान खान प्रकरणात प्रत देणे आवश्यक ठरवले. करुणाकर प्रकरणात १९९३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले, पण त्या तारखेआधीच्या शिक्षांना धक्का लावला नाही. परिणामी त्याच त्रुटीसाठी एकाला दाद मिळाली आणि दुसऱ्याला नाही, फरक फक्त तारखेचा. शिवाय प्रत न मिळाल्याने खरोखर नुकसान झाले का, हे तपासूनच शिक्षा रद्द करावी, असेही पीठाने सांगितले.

जर्मनीत १९७७पासून लागू असलेली प्रशासकीय कार्यपद्धती संहिता हे काम आधीच करते. प्रतिकूल आदेशापूर्वी संबंधिताचे म्हणणे ऐकणे आणि लेखी आदेशात कारणे देणे, हा तेथे सर्वसाधारण नियम आहे. तातडीचा धोका असेल तेव्हा सुनावणी टाळता येते, आणि हे अपवादही कायद्यातच लिहिलेले आहेत. टेबलावरच्या कर्मचाऱ्याला निकालपत्रे चाळावी लागत नाहीत. नागरिकालाही काय मागायचे ते कळते.

तरीही संहितेमुळे वाद संपत नाहीत. राहून गेलेली सुनावणी जर्मनीत खटला चालू असतानाही भरून काढता येते, आणि चुकीचा निर्णयावर परिणाम झालाच नसल्याचे उघड असेल तर केवळ तिच्यामुळे आदेश रद्द होत नाही. म्हणजे करुणाकर प्रकरणातला 'नुकसान झाले का' हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात तेथेही उभा राहतोच. यात धोका आहे: निर्णय होऊन गेल्यावर ऐकणारा अधिकारी बहुधा तो निर्णय सावरायलाच बसतो.

न्यायालयीन पद्धतीची जमेची बाजू म्हणजे लवचीकपणा. परवाना नाकारणे आणि नोकरीवरून काढणे यांना एकाच लांबीची सुनावणी लागत नाही. मात्र नोटीस, उत्तराला मुदत आणि लेखी कारणे या किमान गोष्टींसाठी प्रत्येक वेळी खटल्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यामुळे किमान कर्तव्ये व अपवाद सांगणारी छोटी संहिता आणि उरलेले न्यायालयांकडे, ही मांडणी अधिक पटणारी आहे. भारतात तिचा एक तुकडा आहेच: माहिती अधिकार कायदा, २००५च्या कलम ४नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला द्यायची असतात.